हळदीचा पिवळा, ट्यूबचा हिरवा : सेलूकडच्या एका हळदीच्या फोटोंचं करेक्शन

फोटो सेलू तालुक्यातल्या एका गावचे, करेक्शन आणि अल्बमचं काम परभणीत माझ्याकडं आलेलं. मे महिना होता. हळद अंगणातल्या मांडवात लागायची होती, पण संध्याकाळी अवकाळी पाऊस आला आणि पाट, चौरंग, बायका, लेकरं असं सगळं घरातल्या लांबट बैठकीत हलवलं. फोटो काढणारा पोरगा नवरीच्या नात्यातलाच. कॅमेरा चांगला, हात स्थिर, आणि मुख्य म्हणजे जेपीजीसोबत रॉ फाइलही, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ नोंदही, ठेवलेली. व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्याचा रंग वजा करून पांढरं ते पांढरं दाखवायची सोय, मात्र ऑटोवर होता, आणि फ्लॅश आणलाच नव्हता.

नवरीच्या आईनं मोबाइलवर जेपीजी पाहिले आणि तिथंच निकाल दिला, "पोरीला कावीळ झाल्यावानी दिसायलंय. हे अल्बमात नकोत." पोरानं घरी थोडी खटपट केलेली होती. तो मला म्हणाला, "दादा, पिवळा कमी केला की हळदच जायलीय. पिवळा ठेवला की तोंड हिरवं दिसायलंय."

त्याचं निरीक्षण बरोबर होतं, फक्त ते एकाच अडचणीबद्दल आहे असं त्याला वाटत होतं. पिवळा आणि हिरवा या इथं दोन वेगळ्या अडचणी होत्या. पिवळ्यातला काही भाग दिव्याचा होता आणि काही भाग खरोखरच्या हळदीचा. हिरवा मात्र सगळाच्या सगळा दिव्याचा होता.

आधी खोलीतला उजेड समजून घेतला. फाइली उघडण्याआधी पोराला कागदावर खोलीचा आराखडा काढायला लावला, कारण कुठला दिवा कुठं होता हे फोटोत नेहमी दिसत नाही. नवरीच्या डाव्या हाताच्या भिंतीवर दोन ट्यूब. एक जुनी, चोकवाली, ३६ वॅटची. दुसरी नवी एलईडी पट्टी. उजवीकडं मांडववाल्यानं आणलेले शंभर वॅटचे दोन पिवळे बल्ब, बांबूला लटकवलेले. समोर समई, पण तिचा उजेड चेहऱ्यापर्यंत पोचण्याइतका नव्हता. भिंतींना पिस्ता रंग. ही भिंत आराखड्यात दिवा म्हणून कुणी दाखवत नाही, पण ट्यूबच्या उजेडात ती स्वतःच एक फिकट हिरवा दिवा होते, आणि तिच्याजवळ बसलेल्या माणसाच्या गालावर, हनुवटीखाली तो रंग चढतो.

तारेचा पिवळा बल्ब साधारण २७०० ते २८५० केल्विनचा असतो. आपल्याकडं घराघरांत लागणारी पांढरी ट्यूब ६५०० केल्विनच्या आसपासची. केल्विनचा हा आकडा निळा ते पिवळा एवढीच बाजू सांगतो. हिरवा ते गुलाबी ही दुसरी बाजू त्यात येत नाही, तिच्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये टिंट हा वेगळा स्लायडर असतो. बल्बच्या उजेडात सगळे रंग सलग असतात, फक्त निळा फार कमी. ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ असते, तिच्या उजेडात ५४६ नॅनोमीटरवर हिरव्याचा उंच सुळका असतो, आणि साध्या जुन्या ट्यूबमध्ये गडद लाल जवळजवळ नसतोच. डोळा हे सांभाळून घेतो. कॅमेरा घेत नाही.

आता यात हळद आणा. हळद निळा प्रकाश गिळते, हिरवा आणि लाल परत पाठवते, म्हणून ती पिवळी दिसते. ट्यूबच्या उजेडात परत पाठवायला हिरवा भरपूर आणि लाल थोडा, मग हळद लिंबाच्या सालीसारखी हिरवट दिसते. गव्हाळ रंगाच्या कातडीवर ती हिरवट हळद म्हणजे आईला दिसलेली कावीळ. आणि पिवळा कमी केला की कावीळ का जात नव्हती, तेही यातच आलं : पोरगा टेंपरेचरचा स्लायडर ओढत होता, दोष होता टिंटच्या बाजूला.

ऑटोनं यात आणखी घोळ घातला होता. नवरीचा जवळून घेतलेला फोटो असला की चौकटीत हळद, पिवळी साडी, पिवळा बल्ब असं सगळं पिवळंच. कॅमेरा त्याला दिव्याचा दोष समजून निळ्याकडं ढकलत होता. रुंद फोटोत भिंत आणि ट्यूब आली की उलटं. त्यामुळं एकाच ठिकाणी बसलेल्या नवरीचे आकडे ३४०० पासून ४९०० पर्यंत हिंडत होते. रॉ फाइलमध्ये हा आकडा नुसती सूचना असते, पुसता येतो. म्हणून पहिलं काम म्हणजे सगळ्या फाइलींवर एकच आकडा टाकणं. तो बरोबर असायची गरज नव्हती. सगळे फोटो एकाच चुकीच्या रंगात आले, की त्यांच्यातला खरा फरक दिसायला लागतो.

तो दिसला, तेव्हा फोटो वेळेप्रमाणे न लावता उजेडाप्रमाणे वेगळे केले. एका ढिगात ट्यूबच्या भिंतीकडचे, दुसऱ्यात बल्बकडचे, आणि तिसऱ्यात दोन्ही उजेड एकाच चेहऱ्यावर पडलेले. पहिले दोन ढीग सोपे असतात. ढिगातला एक फोटो नीट करायचा आणि तोच व्हाइट बॅलन्स बाकीच्यांना लावायचा. खरी मेहनत तिसऱ्या ढिगात होती, आणि नवरीचे जवळजवळ सगळे फोटो त्यातच होते.

आता नेम धरायला पांढरं काहीतरी हवं. ग्रे कार्ड कुणी ठेवलेलं नव्हतं. पहिल्यांदा नजर जाते आजोबांच्या टोपीकडं आणि धोतराकडं. ती टाळली. आपल्याकडं पांढऱ्या कपड्याला नीळ देतात, पावडरीतही चमक आणणारी द्रव्यं असतात. कपडा किंचित निळा असतो, आणि त्यावर पिकर, म्हणजे 'हे पांढरं समज' असं सॉफ्टवेअरला दाखवायचं टोक, ठेवलं की सॉफ्टवेअर निळा काढायला जाऊन अख्खा फोटो पिवळा करतं. शिवाय हळदीच्या घरात कुठली टोपी कोरी राहते? स्टीलचा तांब्याही उपयोगाचा नाही, तो समोरच्या प्रत्येक वस्तूचं प्रतिबिंब धरतो.

कामाला आली ती पाटाभोवतीची रांगोळी. दगडाची पांढरी भुकटी, तिला चमक नाही, नीळ नाही, आणि चौक चारही बाजूंनी भरलेला असल्यामुळं एक रेघ ट्यूबकडं तर एक बल्बकडं. फक्त जिथं रेघ जाड पडली आहे तिथंच पिकर ठेवायचा, पातळ रेघेतून फरशीचा रंग डोकावतो. आणि तो ठिपका पांढराफटक उडालेला नसावा. लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे नव्वद टक्क्यांच्या खाली असले म्हणजे झालं. ट्यूबकडच्या रेघेवर लाइटरूम या सॉफ्टवेअरनं दिलं ५७०० आणि टिंट +२४. बल्बकडच्या रेघेवर २८५० आणि टिंट +३. हेच आकडे दुसऱ्या कुणाच्या फोटोंना लागू होणार नाहीत, कॅमेऱ्याप्रमाणे ते बदलतात. पाहायचं ते दोन रेघांमधलं अंतर.

मध्यम म्हणून दोन्हींची सरासरी, म्हणजे ४२७५, घ्यावी असं वाटतं. पण केल्विनची पट्टी सारख्या पायऱ्यांची नाही. २८०० ते ३३०० या पाचशेंत रंग जेवढा बदलतो, तेवढा ५५०० ते ६००० या पाचशेंत बदलत नाही. म्हणून दहा लाखांना केल्विननं भागायचं आणि त्या उत्तरांची सरासरी घ्यायची. या मापाला मायरेड म्हणतात. ५७०० चे १७५, २८५० चे ३५१, मधले २६३, म्हणजे परत केल्विनमध्ये ३८०० च्या आसपास. ४२७५ ठेवला असता तर फोटो ट्यूबच्या बाजूनं झुकला असता आणि बल्बकडचा गाल नको तितका नारिंगी झाला असता. अख्ख्या फोटोचा पाया ३८०० वर ठेवला.

टिंटच्या बाबतीत मात्र मधला आकडा घेतला नाही. +२४ सगळ्या फोटोला दिला तर ट्यूबकडचा हिरवा जातो, पण बल्बकडच्या मावश्या गुलाबी होतात, आणि गुलाबी कातडी हिरव्या कातडीइतकीच वाईट दिसते. पायाला टिंट +५ दिला, उरलेला हिरवा जिथं आहे तिथंच, मास्क करून, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून, काढायचा. माझं या कामातलं मत पक्कं आहे : हिरवा पूर्ण काढावा, नारिंगी अर्धाच. घरात पिवळा बल्ब लागलेला होता, समई होती, ती ऊब माणसाला खटकत नाही. दोन्ही बाजू दवाखान्यासारख्या पांढऱ्या केल्या की रंग बरोबर येतो, पण ती खोली उरत नाही.

मास्क कसा करायचा, यात एक सापळा आहे. सॉफ्टवेअरमध्ये रंगावरून भाग निवडायची सोय असते. बल्बचा नारिंगी भाग निवड म्हटलं, तर ते हळदीचा गालही उचलतं, साडीही आणि वाटीतली हळदही. पिवळ्या उजेडातला पांढरा आणि पांढऱ्या उजेडातला पिवळा त्याला सारखेच. म्हणून इथं रंगावर भरवसा न ठेवता उजेड कुठून कुठं पडला आहे त्या आकारावरून मास्क केले. डावीकडून एक लांब, मऊ कडेचा ग्रेडियंट, ट्यूबचा उजेड जसा विरत जातो तसा विरणारा : टेंप +२०, टिंट +१८. उजवीकडून दुसरा : टेंप −१८, सॅच्युरेशन −१०. मास्कमधले हे आकडे केल्विन नव्हेत, पायापासून किती सरकायचं तेवढंच ते सांगतात.

चेहऱ्यावर हे दोन मास्क नाकाच्या रेषेत भेटतात, आणि काम बिघडतं ते तिथंच. गालांसारख्या मोठ्या सपाट भागावर रंग हळूहळू बदलतो, तिथं ग्रेडियंट पुरतो. पण नाकानं अडवलेली सावली, पापण्यांखालचा खळगा, हनुवटीखालचा भाग इथं एक दिवा पूर्ण अडलेला असतो आणि दुसराच पोचतो. म्हणून सावलीची कड म्हणजे रंगाचीही कड. तिथं लहान ब्रश, फ्लो दहा-पंधरा टक्के, आणि दोन-तीनदा हात फिरवून हळूहळू रंग उतरवला. अल्बममध्ये पानभर जाणाऱ्या फोटोंनाच एवढी कारागिरी केली. चार इंचांत छापायच्या फोटोत नाकाच्या सावलीचा रंग कुणाला दिसत नाही.

हळद खरी किती पिवळी, हे ठरवायला आठवण कामाची नाही, तासभर स्क्रीनकडं बघितल्यावर डोळा काहीही कबूल करतो. दोन खुणा धरल्या. एक म्हणजे हळदीची वाटी. ती काही फोटोंत ट्यूबकडं होती, काहींत बल्बकडं गेलेली. करेक्शननंतर दोन्हीकडं तिचा पिवळा सारखा आला पाहिजे. दुसरी खूण आकड्यांची. हळद लागलेल्या कातडीवर लाल नेहमी हिरव्यापेक्षा वर असावा. मूळ फोटोत ट्यूबकडच्या गालावर लाल ७१, हिरवा ७३ आणि निळा २० टक्के होता, हिरवा लालच्या पुढं गेलेला. मास्कनंतर तोच ठिपका लाल ७९, हिरवा ६६, निळा १७ वर आला. पोराला शेजारी बसवून हे दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे हळद तेवढीच हाय, नुसता हिरवा निघाला." तेवढंच करायचं होतं.

मग एक नवीन तक्रार निघाली, यावेळी माझ्याच डोळ्यांची. नवरीच्या हातात हिरवा चुडा. डाव्या हातावर टिंटचा मास्क पडल्यामुळं बांगड्या राखाडी, मेलेल्या दिसायला लागल्या. मराठवाड्यातल्या कुठल्याही आईनं तो हात बघितला असता तर कावीळ परवडली असं म्हणाली असती. मास्कमधून चुडा ब्रशनं वगळला. हाच एक भाग, जिथं रंगावरून निवडायची सोय उपयोगी पडली, कारण तेवढा गडद हिरवा चौकटीत दुसरा कुठला नव्हता. पिस्ता भिंत फिकट असल्यानं त्यात आली नाही. भिंतीचा हिरवा तसाच ठेवला, ती भिंत खरोखरच पिस्ता आहे.

काही फोटोंनी मात्र हे सगळं करूनही दाद दिली नाही. एकामागोमाग काढलेले, एकाच ठिकाणचे, एकच व्हाइट बॅलन्स दिलेले फोटो. तरी एक जास्त हिरवा, पुढचा कमी, तिसऱ्यात वरचा भाग पिवळट आणि खाली निळसर पट्टा. हे जुन्या चोकवाल्या ट्यूबचं काम. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. मंदावताना तिच्यातले वेगवेगळे फॉस्फर एकाच वेगानं विझत नाहीत, म्हणून उजेडाबरोबर रंगही बदलतो. पोरानं शटर १/२५० ठेवलं होतं, म्हणजे दर फोटोत त्या फेरीचा अर्धा-अपुरा तुकडा आला, आणि कुठला तुकडा येईल ते नशिबावर. १/१०० ठेवलं असतं तर प्रत्येक फोटोत एक फेरी पूर्ण बसली असती, १/५० ला दोन. बसलेल्या नवरीसाठी १/१०० पुरतं. हळद फासताना हात थोडे हलतील, ते चालतं.

असे फोटो ढिगातून काढून प्रत्येकाला वेगळा टिंट दिला. पट्टे आलेल्यांत पट्ट्याच्या रुंदीचा आडवा ग्रेडियंट उलटा लावून बघितला. दोन-तीन वाचले, बाकी सोडून दिले. असले फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून खपवायची पद्धत आहे. हळदीच्या फोटोला मला ती पटत नाही. रंग काढल्यावर उरतं काय, तर तोंडाला चिखल लावलेली पोरगी.

आणखी एक गोष्ट कुठल्याच स्लायडरनं परत आली नाही. भिंतीला टेकून बसलेल्या आजीच्या कपाळावरचं कुंकू जुन्या ट्यूबच्या उजेडात तपकिरी दिसत होतं. दिव्यातच गडद लाल नव्हता, मग कुंकवानं परत काय पाठवायचं? व्हाइट बॅलन्स आहे त्या रंगांची वाटणी बदलतो, नसलेला रंग आणत नाही. लाल रंगाचं सॅच्युरेशन थोडं वाढवून ते कुंकवासारखं केलं, पण ती डागडुजी आहे, करेक्शन नव्हे. बल्बकडं उलटा प्रकार होता : काही गालांवर लाल पार शंभर टक्क्यांना टेकलेला, हळदीचा थर सपाट झालेला. रॉमध्ये हायलाइट ओढून त्यातलं थोडं परतलं. त्याच गालाच्या जेपीजीत काहीच नव्हतं, आणि बहिणीच्या मोबाइलवरून आलेल्या फोटोंचीही तीच गत. त्यांना हलकंसं करून लहान आकारात वापरलं.

पोरानं विचारलं, पुढच्या खेपेला तिथं उभं राहून काय करायचं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एका जातीचे दिवे बंद करणं. त्या खोलीत बल्ब ठेवून जुनी ट्यूब बंद केली असती तर निम्मं काम वाचलं असतं. पण शुभकार्यात दिवा बंद करा म्हटलं की घरातलं कुणीतरी मोठं माणूस आडवं येतं. तेव्हा "बंद करा" न म्हणता मांडववाल्याला आणखी दोन बल्ब डावीकडं बांधायला सांगावेत. मग ट्यूब चालू असली तरी चेहऱ्यावर तिचं चालत नाही. फ्लॅश असेल तर तो पांढऱ्या स्लॅबवर उसळवावा, पिस्ता भिंतीवर कधीच नाही, आणि बल्बच्या उजेडात काम असेल तर फ्लॅशवर सीटीओ जेलची नारिंगी पारदर्शक पट्टी लावावी, नाहीतर साधारण ५५०० केल्विनचा तो तिसरा रंग आणखी भर घालतो. व्हाइट बॅलन्स हातानं एका आकड्यावर बांधून टाकावा, मग तो थोडा चुकीचा का असेना.

आईला पहिल्यांदा तीन फोटो छापून दाखवले, मोबाइलवर नाही. मोबाइलचा स्क्रीन रात्री आपोआप पिवळा होतो आणि मग वाद हळदीचा राहत नाही, स्क्रीनचा होतो. छापील बघून त्या एवढंच म्हणाल्या, "आता माझी लेक दिसायली." बाकीच्या फाइली एसआरजीबी जेपीजी करून लॅबला पाठवल्या, आणि सोबत फोनवर बजावलं की रंगाला हात लावू नका. लॅबच्या मशीनवर आपोआप करेक्शन चालू असेल, तर पानभर पिवळा दिसला की ते त्यात निळा घालतं, आणि हळद परत लिंबाकडं जाते. पहिल्या खेपेच्या दोन पानांवर तसं झालेलंच होतं. ऑपरेटरनं करेक्शन बंद करून ती पानं पुन्हा काढून दिली.